डोकं गोल, कापड सपाट: व्यक्तिचित्रात डोक्यावरची ओढणी

(व्यक्तिचित्रणावरील व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय छोटा वाटेल, पण व्यक्तिचित्राची कामं घेणाऱ्यांना तो वारंवार भेटतो. एखादं कुटुंब आईचा किंवा आजीचा फोटो घेऊन येतं. फोटोत डोकं उघडं असतं, कारण तो ओळखपत्रासाठी काढलेला असतो, किंवा लग्नाआधीचा असतो. मग ते म्हणतात, "चेहरा हाच ठेवा, पण डोक्यावर ओढणी हवी. आम्ही तिला ओढणीशिवाय कधी पाहिलंच नाही." काही घरांत ओढणी असते, काहींत साडीचा पदर, काहींत हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल. मागणी एकच: केसांवर कापड घ्यायचं आणि चेहरा त्या बाईंचाच राहिला पाहिजे.

इथे बरीच चित्रं फसतात. ओढणी दिसते, पण ती डोक्यावर ठेवलेली वाटत नाही. हेल्मेट घातल्यासारखी दिसते, नाहीतर भोक पाडलेल्या कापडातून चेहरा बाहेर काढल्यासारखा दिसतो. घरचे लोक म्हणतात, "छान आहे, पण आई नाही वाटत." तेव्हा आपण नाक-डोळे परत तपासत बसतो, आणि खरी चूक बहुतेक वेळा कपाळावर आणि कानापाशी असते. म्हणून आज फक्त या दोन जागा घेऊ.

चुण्या येतात कुठून?

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही.

डोकं सगळ्या बाजूंनी गोल आहे. कापड सपाट आहे. वर्तमानपत्राचा कागद नारळावर बसवून बघा. एका दिशेने तो नीट गुंडाळतो, पण दुसऱ्या दिशेने गुंडाळायला गेलात की कडेला जास्तीचा कागद उरतो आणि त्याच्या घड्या पडतात. कापडाचंही तसंच होतं. डोक्यावर घेतलेल्या कापडात काही भाग नेहमी जास्तीचा उरतो आणि तो कुठेतरी गोळा व्हावाच लागतो. जिथे गोळा होतो तिथे चुण्या पडतात.

आता तो कुठे गोळा होतो? जिथे कापड ताणलेलं आहे तिथे नाही. ओढणी कपाळाच्या वर, केसांवर टेकते आणि तिचं वजन मागे व खाली ओढत असतं. त्यामुळे कपाळावरची जागा ताणाची आहे. तिथे कापड जवळजवळ सपाट बसतं, एखाद-दुसरी बारीक रेघ आली तर आली. तिथून कड खाली उतरते, कानशिलाशी डोक्याचा गोलावा एकदम वळतो, आणि ताण सुटतो. जास्तीचं कापड तिथे, कानाच्या वर आणि कानाच्या मागे जमतं.

म्हणजे कपाळाशी कापड ताठ आणि कानाशी सैल. आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. शिकणारे नेमकं उलट करतात. कपाळावर सूर्याच्या किरणांसारख्या सात-आठ चुण्या काढतात, कारण ती जागा चित्राच्या मध्यावर असते आणि तिथे "काहीतरी दाखवावं" असं वाटतं. कानापाशी मात्र काय होतं ते कळत नाही, म्हणून तिथे एक सरळ रेघ खाली ओढून मोकळे होतात.

कोणतं कापड, कोणती कड

शिवणकाम केलेल्यांना ठाऊक आहे की कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ताणत नाही, पण तिरकं, म्हणजे उरेब धरलं की ताणतं. चित्रकारालाही हे माहीत हवं.

ओढणी साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब असते. ती डोक्यावर घेतली की चेहऱ्याभोवती तिची लांब बाजूची किनार येते. ही किनार उभ्या धाग्याची, त्यामुळे ती ताणत नाही. ती डोक्याला चिकटून बसत नाही, जागोजागी थोडी सुटी उभी राहते, आणि कानशिलापाशी तर हमखास बाहेर उघडते. साडीच्या पदराचंही असंच आहे, उलट काठ जड असल्यामुळे तो आणखी ताठ उभा राहतो आणि त्याची वळणं मोठी असतात.

चौकोनी रुमाल त्रिकोणी दुमडून बांधला तर चेहऱ्याभोवती येते ती दुमडीची कड, आणि ती असते उरेब. ती ताणते, म्हणून कपाळाला घट्ट लागते. त्यात ओढ असते ती थेट हनुवटीखालच्या गाठीकडे. गालावरून गाठीकडे जाणाऱ्या दोन-तीन ताठ रेघा दिसतात, आणि सैल कापड सगळं मानेच्या मागे.

म्हणून कुटुंबाला पहिला प्रश्न हा विचारायचा की त्या नक्की काय घ्यायच्या आणि कसं घ्यायच्या. भांगाशी किती केस दिसायचे? कान झाकलेला असायचा की मागे खोचलेला? पदर कोणत्या खांद्यावरून यायचा? कापड सुती, जॉर्जेट की रेशमी? सुती मलमलच्या चुण्या बारीक, थोड्या कोनदार असतात. जॉर्जेट मऊ लोंबतं, चुण्या लांब आणि गोलसर. रेशमात चुण्या थोड्या, पण त्यांच्यावरचा उजेड तीक्ष्ण. जाड खादीत दोन-तीनच मोठ्या घड्या. घरचे लोक ज्याला "आईसारखं" म्हणतात, त्यातला बराच भाग या उत्तरांत असतो.

कान: तीन अवस्था

मागच्या व्याख्यानात आपण कानाची जागा पाहिली. भुवईची रेघ आणि नाकाच्या तळाची रेघ यांच्यामध्ये कान बसतो, आणि तो किंचित मागे कललेला असतो. ओढणी घेतल्यावर कान दिसो वा न दिसो, तो आधी काढायचा. कान हा कापडाला अडवणारा खुंटा आहे. खुंटा कुठे आहे हे माहीत नसेल तर कापड कुठे वळेल हे कळणार नाही.

पहिली अवस्था, कान पूर्ण झाकलेला. कापडाखालून कानाच्या वरच्या कडेचा एक हलका उंचवटा जाणवतो आणि त्याच्या मागे लगेच खळगा येतो. हा उंचवटा नसला की डोक्याची बाजू भिंतीसारखी सपाट दिसते.

दुसरी अवस्था, कापड कानाच्या मागे खोचलेलं. तेव्हा कानशिलावरून येणारं सगळं कापड कानाच्या मुळाशी आवळलं जातं. तिथून चुण्या मागे आणि खाली पसरतात, चिमटीत धरल्यासारख्या. चुण्यांची दाटी दाखवायची जागा असेल तर ती ही.

तिसरी, आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारी. ओढणीची किनार कानाच्या वरच्या तिसऱ्या भागावरून जाते आणि पाळी मोकळी राहते. किनार कानाच्या कडेवर टेकते, तिथे तिला एक छोटा कोन पडतो, आणि त्याखाली ती चेहऱ्यापासून दूर होऊन बाहेर उघडते. बाहेर उघडली की कापडाची आतली बाजू दिसते. ही आतली बाजू म्हणजे एक अरुंद, काळोखी पट्टी. तिच्यात गालावरून परतलेला थोडा उबदार उजेड असतो. ती पट्टी काढली की ओढणीला जाडी येते आणि चेहरा तिच्या आत बसतो. ती नसली की ओढणी गालावर रंगवल्यासारखी दिसते. बाकी सगळ्या चुण्या चुकल्या तरी चालेल, ही पट्टी चुकवू नका.

एक उदाहरण पायरीपायरीने

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. फोटोत आईंचा चेहरा आपल्या डाव्या हाताला वळलेला आहे, पाऊण बाजूचा. म्हणजे त्यांचा डावा कान आपल्याला दिसतो. उजेड आपल्या उजवीकडून वरून, खिडकीचा. केस तेल लावून चापून बसवलेले, मधोमध भांग, मागे अंबाडा. कागदावर डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं माप आपण 20 सेंटीमीटर घेतलं आहे. मागणी अशी: पांढरी सुती ओढणी, भांगाशी केस थोडे दिसणार, कान अर्धा झाकलेला, ओढणीचं एक टोक गळ्यावरून डाव्या खांद्यावर टाकलेलं.

पहिलं काम म्हणजे संदर्भ मिळवणं. ओढणी मनाने काढायची नाही. घरातल्या कुणालातरी बसवायचं, केस तसेच बांधायला सांगायचे, कारण अंबाड्यामुळे ओढणी मागे कुठे अडते हे ठरतं. चेहरा तेवढाच वळवायचा, खिडकी त्याच बाजूला घ्यायची. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि निदान दोन मीटर लांब ठेवायचा. जवळून मोबाइलने काढलात तर कपाळ आणि नाक फुगतं, कान मागे पळतो, आणि ती ओढणी मूळ फोटोतल्या डोक्यावर बसत नाही. माणूस मिळत नसेल तर प्लास्टरचं डोकं चालेल, पण त्याला केसांचा जाड थर म्हणून एखादा टॉवेल गुंडाळा आणि मागे अंबाड्याच्या जागी मोज्याचा गोळा बांधा. ही युक्ती जुनीच आहे. लिओनार्दो मातीचे पुतळे करून त्यांवर मातीत भिजवलेली मऊ कापडं पांघरायचा आणि मग त्या घड्यांचा अभ्यास करायचा, असं वासारीने लिहून ठेवलं आहे. कापड हलत नाही, हा त्याचा फायदा.

दुसरं काम, कागदावर आधी उघडं डोकं पूर्ण काढायचं, केसांसकट. हलक्या हाताने, पण पूर्ण. केसांमुळे डोक्याची रेघ कवटीच्या वर जाते आणि ओढणी त्याच्याही वर बसते. या चित्रात चापून बसवलेल्या केसांसाठी अर्धा-पाऊण सेंटीमीटर आणि त्यावर कापडासाठी थोडं, असं धरू. अंबाड्यापाशी कापड आणखी उठेल. ज्यांनी ही जागा सोडली नाही त्यांच्या चित्रात कपाळ आखूड होतं, कारण ते ओढणी खाली सरकवून जागा करतात. कपाळ आखूड झालं की चेहरा बदलला.

तिसरं, किनारीचा रस्ता. किनार म्हणजे डोक्याभोवतीचं एक कडं आहे असं समजा. त्याचे तीन बिंदू घ्या. पहिला भांगावर, केसांच्या रेषेपासून दीड सेंटीमीटर मागे. दुसरा जवळच्या कानशिलावर. तिसरा कानाच्या वरच्या कडेवर. हे तीन जोडताना किनार केसांच्या रेषेला समांतर नेऊ नका. भांगाशी केसांची पट्टी रुंद दिसते, कानशिलाकडे येता येता ती निमुळती होते आणि तिथे किनार जवळजवळ त्वचेवर येते. दूरच्या बाजूला किनार पटकन वळून कपाळाच्या आड जाते. ती बाजू जवळच्या बाजूइतकी रुंद दाखवली तर डोकं समोर बघतंय आणि चेहरा बाजूला बघतोय असं होईल.

चौथं, ताणाचे बिंदू. कापड कुठे धरलं गेलंय? या उदाहरणात चार जागा: भांगाजवळचा माथा, मागचा अंबाडा, कान आणि डावा खांदा. प्रत्येक मोठी चुणी यांपैकी कुठूनतरी निघायला हवी. आपण चारच मोठ्या चुण्या घेऊ. एक कानशिलावरून मागे अंबाड्याकडे जाते, लांब आणि उथळ. दुसरी कानाच्या वरून निघून कानामागे खाली उतरते, ही सगळ्यांत खोल. तिसरी कानाखालून खांद्याकडे सैल लोंबते. चौथी दूरच्या जबड्याखालून गळ्यावरून डाव्या खांद्याकडे येते, झोळीसारखी वाकलेली. कपाळावर काही नाही.

काढताना दोन गोष्टी पाळा. चुणी समांतर जोडीने जात नाही. ती निघते तिथे अरुंद आणि स्पष्ट असते, पुढे रुंद होत विरते, आणि वाटेत बऱ्याचदा झाडाच्या फांदीसारखी दुभंगते. आणि चुणीच्या दोन कडा सारख्या नसतात. एका बाजूला कापड एकदम वळतं, तिथे कड तीक्ष्ण. दुसऱ्या बाजूला ते हळूहळू उतरतं, तिथे छटा मऊ. दोन्ही बाजू तीक्ष्ण केल्या तर चुणी दोरीसारखी दिसते.

पाचवं, छाया. ओढणीची पडछाया कपाळावर आणि कानशिलावर पडते आणि ती कापड त्वचेपासून किती दूर आहे हे सांगते. भांगाशी कापड केसांना टेकलेलं, म्हणून तिथे छाया अरुंद आणि गडद. कानशिलाशी किनार सुटी उभी आहे आणि उजेड उजवीकडून येतोय, म्हणून तिथे छाया रुंद होते आणि तिची बाहेरची कड मऊ होते. सगळीकडे एकाच जाडीची काळी रेघ फिरवली तर ती छाया राहत नाही, चौकट होते. छायेचा रंगही बघा. ती त्वचेवर पडली आहे, तेव्हा ती गडद त्वचाच आहे, काळा रंग नाही.

पांढऱ्या ओढणीबद्दल एक सांगतो. पांढरं कापड बहुतेक ठिकाणी पांढरं नसतं. या चित्रात शुद्ध पांढरा फक्त माथ्याच्या उजव्या बाजूला आणि खांद्यावर एक-दोन जागी येईल. बाकी ओढणी मध्यछटेत ठेवा. नाहीतर ती चेहऱ्यापेक्षा उजळ होते आणि नजर तिच्यावरच अडकते.

एक जुनं चित्र

हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयातलं फर्मेरचं मोत्याच्या डुलाची मुलगी हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे, साधारण 1665 मधलं. तिच्या डोक्याला निळं कापड गुंडाळलेलं आहे आणि मागे पिवळं टोक लोंबतं. आज घरी गेल्यावर ते नव्याने बघा. कपाळावरचं निळं कापड जवळजवळ सपाट आहे. तिथे फर्मेर एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला छाया, एवढंच सांगतो आणि गोलावा मिळवतो. लोंबण्याची मोकळीक मिळते ती पिवळ्या कापडाला, मागे. केस एकही दिसत नाही, तरी खाली डोकं आहे याची शंका येत नाही.

चुकलं हे कसं ओळखायचं?

चित्र झालं की दोन तपासण्या करा. एक, चेहरा कागदाने झाका आणि फक्त ओढणी बघा. खाली डोकं कुठल्या दिशेला वळलंय आणि कान कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर चुण्या नक्षीसारख्या काढल्या गेल्या आहेत.

दोन, मूळ फोटो आणि चित्र शेजारी ठेवून गालाची रेघ तपासा. केस झाकले की डोक्याचा काळा भाग जातो आणि चेहऱ्याची कड एकदम उठून दिसते. उघड्या केसांत खपून गेलेली गालाची दोन मिलिमीटरची चूक इथे खपत नाही. पांढऱ्या कापडाशेजारी तोच चेहरा अधिक गडद आणि थोडा रुंदही वाटू शकतो. "आई नाही वाटत" याचं हे एक नेहमीचं कारण आहे. इलाज म्हणजे गालाच्या बाहेरच्या कडेशी ओढणीची छाया आणून ती कड मऊ करायची. त्वचा उजळ करून हे सुधारायला जाऊ नका, तो दुसराच चेहरा होतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*मूळ फोटो समोरून फ्लॅश टाकून काढलेला असेल तर काय करायचं?*

तर उजेड समोरचाच ठेवायचा. फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर छाया नसते. तुम्ही ओढणीला बाजूच्या खिडकीतला सुंदर उजेड दिलात तर ती दुसऱ्या चित्रातून आणून चिकटवल्यासारखी दिसेल. अशा वेळी चुण्या कमी घ्यायच्या, छटा जवळजवळच्या ठेवायच्या, आणि कानापाशी आतली पट्टी तेवढी गडद ठेवायची. ती फ्लॅशमध्येही बरीचशी गडदच राहते.

*मी टॅब्लेटवर काम करतो. हेच तिथे कसं करायचं?*

क्रम तोच. फक्त लेयर वेगळे ठेवा: सगळ्यांत खाली चेहरा आणि पूर्ण केस, त्यावर पडछायेचा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये, त्यावर ओढणी. छाया वेगळी असली की भांगाशी तीक्ष्ण आणि कानशिलाशी मऊ असं तिला हवं तसं करता येतं. दुसऱ्या फोटोतली ओढणी कापून आणणार असाल तर आधी कानाचा बिंदू जुळवा, मग भांगाचा. तेवढ्यावर बसली नाही तर ती खेचून वाकवू नका. खेचली की चुण्या ताणाची दिशा सोडतात आणि ते लगेच दिसतं. नवा संदर्भ काढा.

*ओढणी पारदर्शक असेल तर?*

मग केस आणि कान पूर्ण रंगवून घ्यावे लागतात, आणि वर कापडाचा पातळ थर द्यायचा. एकेरी कापड असेल तिथे खालचं दिसतं, चुणीत कापड दुहेरी-तिहेरी होतं तिथे ते अपारदर्शक होत जातं. म्हणजे अशा ओढणीत चुणी छायेने जितकी दिसते, तितकीच दाटपणाने दिसते. किनार दुमडून शिवलेली असेल तर तिची एक बारीक, दाट रेघ कपाळावरून जाईल. ती सलग ठेवू नका, केसांवर थोडी पुसट आणि त्वचेवर थोडी स्पष्ट ठेवा.

पुढच्या वेळी येताना एक ओढणी आणि एक चौकोनी रुमाल घेऊन या. दोन्ही एकाच डोक्यावर घेऊन, कानाची जागा आधी काढून, अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन पेन्सिल रेखाटनं करायची आहेत.